रामशेज : सुरुंग न लागलेला गड

आशेवाडीत गाडी लावून वर पाहिलं, तर साल्हेर-हरिहर पाहिलेल्या माणसाला रामशेज किरकोळच वाटेल. नाशिकपासून इतका जवळ, चढही बेताचा. पण १६८२ मध्ये औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीनखान मोठं सैन्य घेऊन इथे आला आणि त्याला हा गड घेता आला नाही.

पायऱ्या चढून रामाच्या गुहेपाशी टेकलो, तेव्हा भाच्याने विचारलं, "मामा, खालून सुरुंग लावून उडवला का नाही?"

मी त्याला कड्याला हात लावायला सांगितलं. अखंड काळा कातळ, नख खुपसायलाही जागा नाही. सुरुंग लावायचा तर आधी मातीचे आडोसे करत, नागमोडी खंदक खणत भिंतीपर्यंत पोचावं लागतं. मग भिंतीच्या पायाखाली बोगदा न्यायचा, टोकाला दारू भरायची आणि मागचं तोंड दगडमातीने घट्ट बुजवायचं. ते कच्चं राहिलं, तर स्फोट भिंत सोडून बोगद्यातूनच मागे फिरतो. रामशेजला पायथ्याशी माती असली तरी वर हा उभा कडा आहे. त्यात खंदक खणणं आणि पायाखाली शिरणं, दोन्ही फार अवघड.

याच खानाने (तोवर त्याला फिरोजजंग ही पदवी मिळाली होती) १६८७ मध्ये गोवळकोंड्याला सुरुंग खणले. आतल्या लोकांना त्यांचा माग लागला. त्यांनी उलट बाजूने खणून बरीच दारू काढून घेतली, उरलेल्यावर पाणी ओतलं. बत्ती दिल्यावर स्फोट मोगलांवरच उलटला.

रामशेजपुढे त्याने दुसरा उपाय केला : दमदमा, म्हणजे तटाच्या उंचीचा लाकडी बुरूज, वरून आत मारा करायला. त्यावर पाचशे माणसं मावत, असं मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, पण कातडी भरपूर होती. मराठ्यांनी लाकडं पोखरली, वर कातडं चढवलं आणि त्यांच्याच तोफा केल्या. वेढा घालणाऱ्यांइतकंच हेही युद्धातलं अभियांत्रिकीचं काम, आणि मला ते जास्त मोठं वाटतं.

नंतर आलेल्या मोगल सरदार खानजहानने एका बाजूने हल्ल्याचा गलबला केला आणि दुसरीकडून निवडक माणसं दोरांवरून चढवली. किल्लेदाराने डाव ओळखला होता. एकीकडे ढोल-नगारे वाजवत ठेवून त्याने दुसरीकडे माणसं दबा धरून बसवली. चढणाऱ्यांची डोकी वर येताच त्यांच्यावर घाव पडले.

माथ्यावर कातळात खोदलेली टाकी आहेत. त्यांच्या काठावरचे छिन्नीचे घाव जवळून बघा. सह्याद्रीतल्या गडांवर टाकं खोदताना निघालेला दगडच बहुधा तटाला लावत, त्यामुळे एकाच खोदकामात पाणी आणि भिंत दोन्ही मिळत.

पुढे गड मोगलांकडे गेला, तो पैसे चारून.