रोजनाम्यातली माझी हरकत

कोरेगाव तालुक्यातल्या एका अनुदानित खासगी शाळेत मी गणित शिकवते. पहिल्या सत्र परीक्षेनंतर संस्थेचे रजिस्टर पोच पत्र आले. त्यात "गुणदानात गैरप्रकार" एवढाच आरोप होता आणि सात दिवसांत खुलासा मागितला होता. कोणता वर्ग, कोणती उत्तरपत्रिका, कोणती तारीख, काहीच नाही. पहिल्या संतापात चार पाने लिहून काढली होती, पण ती फाडली आणि मुदतीतच कळवले की, आरोपाचा तपशील आणि तो ज्या कागदांवर आधारला आहे त्यांच्या प्रती मिळाल्याशिवाय मला नेमके उत्तर देता येणार नाही. तेव्हा कुठे नववीच्या तीन उत्तरपत्रिकांच्या प्रती आल्या. एकीवर ३१ चे ३७ झालेले, लाल शाईत, बाजूला सही नाही.

खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे चौकशी समितीत तिघे असतात: एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने सुचवलेला खासगी शाळेतला कर्मचारी आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षक. मी साताऱ्यातल्या एका शाळेतल्या ज्येष्ठ बाईंचे नाव दिले. संस्थेने मात्र नेमके तेच संचालक पाठवले, ज्यांच्या तक्रारअर्जावरून हे सारे सुरू झाले होते.

बाई म्हणाल्या, "तोंडी बोलू नका, आजच लिहून द्या आणि समितीच्या रोजच्या कामकाजाची नोंद होते त्या रोजनाम्यात घ्यायला लावा." त्यामागे कारण होते. साक्षीदार स्वतःच निवाडा करायला बसला तर चौकशी टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मोहम्मद नूह प्रकरणात सांगितले. पण त्याच वर्षीच्या माणकलाल प्रकरणात, पक्षपाताची कारणे आधीपासून माहीत असूनही गप्प बसलेल्याला नंतर तक्रार करता येत नाही, असेही ठरले. निकाल विरोधात गेल्यावर हरकत आठवली, तर ती सबब वाटते. पहिल्याच बैठकीत मी दोन ओळींचा अर्ज दिला. पंधरवड्याने दुसरे सदस्य आले.

खरी कसोटी उलटतपासणीत लागली. लिपिक म्हणाले की दुरुस्ती गुणपत्रक कार्यालयात जमा झाल्यावर झाली. मी त्यांनाच आवक नोंदवही पाहायला सांगितली. गुणपत्रक बारा तारखेला आले होते आणि त्यात त्या मुलाचे गुण ३७ च होते, म्हणजे दुरुस्ती त्याआधीच झालेली होती. उत्तरपत्रिका पुन्हा तपासली, तर पाचव्या प्रश्नाचे सहा गुण पहिल्या बेरजेत राहून गेलेले दिसले. बाकी दोन्ही उत्तरपत्रिकांतही बेरीजच चुकली होती.

तक्रारदार संचालक समितीतून गेले म्हणून मी आपोआप निर्दोष ठरले नाही. दुरुस्तीशेजारी सही नसणे ही चूक माझीच होती आणि नव्या सदस्यांसह तिघांनीही अहवालात ती नोंदवली. गैरप्रकाराचा आरोप सिद्ध झाला नाही. सहीबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती मी पोच देऊन घेतली.