वासाची कविता आणि तांब्याभर पाणी

मी औसा तालुक्यात आठवीला मराठी शिकवतो. यंदा जून अर्धा सरला तरी मृगाचा पत्ता नव्हता, आणि मी ठरवलेलं की पोरांकडून पहिल्या पावसाच्या वासावर कविता लिहून घ्यायची. पाऊस नाही तर वास कुठून आणणार, मग सांगितलं की उद्या येताना घरून मातीचं एकेक ढेकूळ आणा.

त्याआधी एकदा नुसतं लिहायला लावलं होतं. सगळ्या वह्यांत सुगंध दरवळला, मन मोहरलं, धरती न्हाली. एका पोराला विचारलं, तुझं मन कुठं मोहरलं रे, तर तो म्हणला सर निबंधात असंच लिहितेत की. बरोबरच आहे त्याचं, आपणच शिकवलंय.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात ढेकळं मांडली. रानातली काळी, माळावरचा मुरूम, आणि एका पोरीनं आज्जीच्या घरच्या माळवदावरची पांढरी माती आणलेली. पहिल्या पोरानं उत्साहात काळ्या ढेकळावर तांब्याच ओतला, चिखल झाला आणि वास काही खास आलाच नाही. मग बोटांनी शिंपडायला सांगितलं तर लगेच भपकन आला. त्याचं कारण आहे. कोरड्या मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ करतात, थेंब मातीवर आदळला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि तो वास हवेत उडवतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं, आणि हळू पडणाऱ्या थेंबांत हे जास्त होतं, धो धो पावसात कमी.

दुसरी गंमत नाकाची. थोडा वेळ हुंगत बसलं की नाक सरावतं आणि वास येईनासा होतो, म्हणून मी सांगितलं की पहिल्या श्वासाला जे आठवलं ते लगेच लिहा, मग नळापर्यंत जाऊन या आणि परत हुंगा. आणि अट एकच, वास कसा आहे ते लिहायचं नाही, तो आला तेव्हा तुम्ही कुठं होता, हातात काय होतं, कोण काय बोललं एवढंच लिहायचं. वास कसा होता हे सांगायला लागलं की छान, गोड, मस्त यापुढं गाडी जात नाही, पण जागा आणि माणसं आली की वाचणाऱ्याला त्याचा स्वतःचा वास आठवतो.

बहुतेकांच्या वहीत मात्र वास नव्हताच, पत्र्यावरचा आवाज होता. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडं दगडमातीची माळवदाची घरं कमी होत गेली, ही पोरं पत्र्याखाली नाहीतर स्लॅबखाली वाढलेली. मी म्हणलं आवाज आहे तर आवाज लिहा, उगा खोटा वास नको.

त्या पांढऱ्या मातीवालीनं आधी लिहिलं होतं, ‘माळवदावरून सुंदर सुगंध आला, आज्जी आनंदी झाली’. मी विचारलं, आज्जीनं काय केलं? म्हणली, पातेली मांडली. का? गळतं म्हणून. मग आनंदी कशी झाली गं? ती हसली आणि बसून खोडाखोड करून हे आणलं:

आज्जी म्हणली, ऊठ गं,
पाऊस येऊ लालाय.
आभाळ गच्च काळं,
थेंब नव्हता एक.
माळवदावरची माती
नाकात उतरली आधी.
एक पातेलं तुळईखाली,
एक ज्वारीच्या पोत्यापाशी.
सकाळी पातेली कोरडी,
आज्जीनं त्यातच भाजी केली.

सुंदर, आनंदी ही विशेषणं गेली. क्रियापद बघा, दरवळली नाही, उतरली, कारण माळवद डोक्यावर असतं आणि वास खरंच वरून येतो. थेंबाच्या आधी वास हेही खरंय, लांब कुठंतरी पडत असतं आणि वारा आधी पोचतो.

मागच्या बाकावरून एकजण म्हणला, सर यात वास शब्दच नाही, मार्क कसे देणार? दुसरा म्हणला, भाजीचा आला की लेका. वर्गात लई हसले.

मी तिला म्हणलं, ‘गच्च काळं’मधलं एक काढ, दोन्ही एकच सांगतेत. ती म्हणली, नाही सर, गच्च म्हंजे भरलेलं, काळं तर रात्रीचं रोजच असतंय. मला अजून वाटतं की मग तिनं ‘काळं’ काढावं. तिनं काढलं नाही, आणि फळ्यावर तसंच लिहिलं.