फॉर्म म्हणतो ‘धन्यवाद’, मेल मात्र येत नाही

भाषांतराच्या कामासाठी स्वतःची वेबसाइट केली. पानं, रंग, दरांचे तक्ते हे सगळं पटापट उरकलं. रखडलं ते चौकशीच्या फॉर्मवर, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

फॉर्म भरला की हिरव्या अक्षरांत ‘धन्यवाद, आपला संदेश पोहोचला’ असं झळकायचं. मी माझ्या डोमेनचा पत्ता घालून करून बघितलं की मेल हजर. मग एका ओळखीच्या संपादकांचा फोन आला, "अहो, चौकशी पाठवली होती, काम नकोय का?" त्यांचा मेल इनबॉक्समध्ये नव्हता, स्पॅममध्येही नव्हता. होस्टिंगवाल्यांना विचारावं तर ठरलेलं उत्तर: ‘आमच्या सर्व्हरवरून मेल गेलेला आहे.’ गेला असेल हो, पण पोहोचला कुठे?

गोम अशी की फॉर्म प्रत्येक मेलवर ‘पाठवणारा’ म्हणून भरणाऱ्याचाच पत्ता लावत होता. संपादकांचा पत्ता याहूचा, आणि मेल मात्र निघत होता माझ्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून. आपल्या पत्त्याने दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेले मेल नाकारा, असं याहूने 2014 पासून डीमार्क नियमातून जाहीर करून ठेवलं आहे. त्यामुळे तो मेल दारातूनच परत फिरत होता. माझ्या पत्त्याच्या चाचणीत मात्र डोमेन आणि सर्व्हर दोन्ही माझेच, म्हणून सगळं सुरळीत दिसायचं.

उपाय फॉर्मच्या सेटिंगमध्येच सापडला:

```
From: form@example.com
Reply-To: चौकशी करणाऱ्याचा पत्ता
```

पहिल्या ओळीत आपल्या डोमेनचा पत्ता घालायचा. ‘उत्तर द्या’ दाबलं की मेल तरीही ग्राहकालाच जातो. शिवाय डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं हे सांगणाऱ्या एसपीएफ नोंदीत मेल पाठवणाऱ्या सेवेचं नाव हवं, आणि ती नोंद एकच हवी. दोन झाल्या तर तपासणीच फसते. चाचणी नेहमी परक्या पत्त्याने करा. जीमेलमध्ये मेल उघडून ‘Show original’ पाहिलं की `spf=pass` दिसतं की नाही ते कळतं. आणि प्रत्येक चौकशीची प्रत वेबसाइटच्या डेटाबेसमध्येही राहू द्या, म्हणजे मेल हरवला तरी माणूस हरवत नाही.

दरांबद्दल एक राहिलंच. पॅकेज मूळ मजकुराच्या शब्दांवर बांधा, भाषांतराच्या नव्हे. मूळ शब्द आधीच मोजता येतात, त्यामुळे बिलाच्या वेळी वाद होत नाही. म्हणूनच फॉर्ममध्ये फाइल जोडायची सोय लागते. पीएचपीवर चालणाऱ्या साइटवर `upload_max_filesize` मुळात 2 एमबीच असतं आणि स्कॅन केलेली पीडीएफ त्यात सहसा मावत नाही. ही मर्यादा वाढवताना अख्ख्या फॉर्मची मर्यादा ठरवणारं `post_max_size` त्याहून मोठं ठेवा.

नमुन्यांसाठी ग्राहकांचं काम लावायचं तर लेखी परवानगी घ्या. मी सरळ स्वामित्वहक्क संपलेले जुने उतारे घेतले आणि मूळ व भाषांतर शेजारी-शेजारी लावलं.