दोघांच्या फर्ममधून एक जण बाहेर पडतो तेव्हा : आमच्या भागीदारीच्या करारनाम्याचा अनुभव

मी आणि माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, आम्ही इंदूरला पॅकिंगच्या मालाचा व्यापार सुरू केला. नमकीनवाल्यांना लागणारे पाऊचचे रोल, खोकी, टेप, असा माल. दादाची देवासला नोकरी आहे, ती सोडायचा त्याचा विचार नव्हता. त्याने बारा लाख घातले, मी चार लाख. गोदाम, उधारी, वसुली, पार्टीकडे चकरा, हे सगळं माझ्याकडे. मामांचं म्हणणं होतं, घरातली दोनच माणसं, निम्मं-निम्मं करा आणि मोकळे व्हा. टायपिंगवाल्याकडे करारनाम्याचा तयार नमुना मिळत होता, नावं आणि रकमा भरायच्या, बस. सीए मॅडमनी तो वाचून बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘‘यात निवृत्तीचं कलम कोणासाठी आहे?’’

त्या कलमात लिहिलं होतं, ‘एखादा भागीदार निवृत्त झाल्यास उर्वरित भागीदार फर्म चालू ठेवतील.’ वाचायला छान. पण आम्ही दोघंच. एक गेला की उरला एक, आणि एकट्या माणसाची भागीदारी असूच शकत नाही. भागीदारी अधिनियम, 1932 प्रमाणे त्यासाठी निदान दोन माणसं लागतात. मृत्यूच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्येच सांगून ठेवलं आहे की दोघांपैकी एक वारला तर फर्म तिथेच संपते, करारात ‘वारस भागीदार होतील’ असं लिहिलं असलं तरी. म्हणजे नमुन्यातलं ते वाक्य तीन-चार भागीदारांच्या फर्मला शोभणारं होतं, आमच्या उपयोगाचं नव्हतं.

पण निवृत्तीचा हिशेब नफ्याच्या वाटणीवर उभा राहतो, म्हणून आधी वाटणीला बसलो. करारात काहीच लिहिलं नाही तर कायदा नफा आणि तोटा दोन्ही सारखे वाटतो. भांडवल कोणाचं किती आणि राबलं कोण, हे तो बघत नाही. मी म्हणत होतो, काम माझं, मला साठ टक्के हवेत. दादा म्हणत होता, पैसे माझे तिप्पट आहेत. मॅडमनी टक्क्यांची भांडणं थांबवली आणि तीन थर केले. भांडवलाला व्याज, काम करणाऱ्याला मेहनताना, आणि त्यानंतर जे उरेल ते निम्मं-निम्मं.

व्याज वर्षाला 12 टक्के सरळ ठेवलं, कारण प्राप्तिकरात फर्मला तेवढंच वजावट म्हणून मिळतं. मेहनताना माझा एकट्याचा, महिना 25,000. ही रक्कम किंवा ती ठरवायची रीत करारात स्पष्ट असायलाच हवी. ‘वेळोवेळी परस्पर संमतीने ठरेल’ असं नुसतं लिहिलं तर वजावट अडते, आणि टायपिंगवाल्याच्या नमुन्यात नेमकं तेच होतं.

आकडे घालून पाहिलं तेव्हा दादाला पटलं. समजा वर्षात या दोन्हींच्या आधी नऊ लाख सुटले. दादाचं व्याज 1,44,000, माझं 48,000. उरले 7,08,000. त्यातून माझा मेहनताना तीन लाख गेला, उरले 4,08,000. (मेहनतान्याची मर्यादा आर्थिक वर्ष 2024-25 पासून वाढली आहे. पहिल्या सहा लाखांच्या 90 टक्के आणि त्यावरच्या रकमेच्या 60 टक्के, म्हणजे आमच्या उदाहरणात 6,04,800 पर्यंत चाललं असतं.) उरलेल्या रकमेवर फर्म 30 टक्के आणि वर उपकर, असे 1,27,296 भरेल. हातात राहतात 2,80,704, प्रत्येकी 1,40,352. म्हणजे नोकरी सांभाळून दादाला 2,84,352 आणि मला 4,88,352. शेवटच्या वाटणीवर आम्हाला वेगळा कर नाही. व्याज आणि मेहनताना मात्र आपापल्या उत्पन्नात दाखवायचे, आणि 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला वीस हजारांवर गेले की फर्मने त्यातून 10 टक्के टीडीएस कापायचा.

दोन बारीक गोष्टी याच कलमात घातल्या. व्याज फक्त मूळ भांडवलावर मिळेल, न उचललेला नफा वेगळ्या चालू खात्यात राहील आणि त्यावर व्याज नाही. नाहीतर दादा, ज्याला पगार आहे, काहीच उचलणार नाही आणि त्याचं व्याज दरवर्षी फुगत जाईल. दुसरं, नफा पुरला नाही तर आधी मेहनताना, मग व्याज, आणि व्याज कमी पडलं तर भांडवलाच्या प्रमाणात. हा क्रम मला सोयीचा आहे हे दादाच्या लगेच लक्षात आलं. तो म्हणाला, ‘‘ठीक आहे, पण तोटा झाला तर मेहनताना नाही.’’ तसंच लिहिलं.

तोटाही निम्मा-निम्मा. इथे मला धाकधूक होती. आठ लाखांचा फटका बसला तर माझं सगळं भांडवल साफ, दादाचे आठ लाख शिल्लक. पण तोटा भांडवलाच्या प्रमाणात घालायचा आणि नफा निम्मा घ्यायचा, हे मीच बोलून दाखवल्यावर मलाच बरोबर वाटेना. शिवाय बाहेरच्या घेणेकऱ्यापुढे आपसातली वाटणी चालत नाही. तो कोणाही एका भागीदाराकडून पूर्ण रक्कम वसूल करू शकतो.

मग निवृत्ती. आम्ही सहा महिन्यांची लेखी नोटीस ठेवली, आणि हिशेब ज्या तिमाहीत नोटीस संपते तिच्या शेवटच्या तारखेचा. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत दुसऱ्याने सांगायचं की तीनपैकी कोणता रस्ता. एक, धंदा स्वतः घेऊन एकट्याच्या मालकीत चालवायचा. दोन, जाणारा जायच्या आधी तिसऱ्या कोणाला भागीदार करून घ्यायचं, म्हणजे फर्म तीच राहते आणि तिचा पॅन व जीएसटी क्रमांकही तेच राहतात. तीन, दोन्ही नको असेल तर फर्म मोडायची. पहिल्या रस्त्यात पॅन बदलतो, म्हणून जीएसटीची नवी नोंदणी घ्यावी लागते आणि पडून असलेलं इनपुट क्रेडिट ITC-02 फॉर्म भरून नव्या नोंदणीवर न्यावं लागतं. त्यासाठी दोघांनी सह्या आणि कागद द्यायचे, हेही कलमात आलं.

तिसरा रस्ता दादासाठी होता. मीच निघून गेलो तर देवासच्या नोकरीवाल्याने गोदाम कसं सांभाळायचं? फर्म मोडली तर आधी बाहेरची देणी, मग भागीदारांनी भांडवलाशिवाय दिलेली उसनवारी, मग भांडवल, आणि उरलं तर नफ्याच्या प्रमाणात. हा क्रम कायद्याचाच आहे, तो तसाच ठेवला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो किंमत ठरवण्यात. ‘फर्मचे मूल्यांकन करून रक्कम दिली जाईल’ एवढ्याने आमच्या धंद्यात काही ठरत नाही. आमच्या गोदामात दोन प्रकारचा माल असतो. साधे रोल आणि खोकी कोणालाही विकता येतात. पण एखाद्या नमकीनवाल्याच्या नावाने छापलेले रोल त्या पार्टीने उचलले नाहीत तर रद्दी. पुस्तकात दोन्ही खरेदीच्या भावाने दिसतात. म्हणून लिहिलं की साधा माल खरेदीचा भाव किंवा बाजारभाव, यात जो कमी तो. छापील माल फक्त लेखी ऑर्डर हातात असेल तर धरायचा, नसेल तर रद्दीच्या भावाने. उधारीचंही तसंच. 120 दिवसांच्या आतली पूर्ण धरायची. त्यावरची धरायची नाही, पण पुढे वसूल झाली की निम्मी जाणाऱ्याला पोचवायची.

गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावाची किंमत, मागच्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी काढून एका वर्षाच्या सरासरीएवढी धरली. नफा म्हणजे व्याज, मेहनताना आणि कर वजा जाऊन उरलेला, हे मुद्दाम लिहिलं. मेहनताना वजा न करता सरासरी काढली तर माझ्या घामाची किंमत गुडविलमध्ये शिरते आणि ती मलाच विकत घ्यावी लागते.

उदाहरण असं मांडलं. दादा निघाला, वरच्या रीतीने माल आणि उधारी धरून त्याच्या भांडवल खात्यात बारा लाख, चालू खात्यात 1,60,000. सरासरी नफा तीन लाख, त्याच्या वाट्याचं गुडविल दीड लाख. एकूण 15,10,000. एवढी रोकड फर्ममधून एकदम काढली तर दुसऱ्या दिवशी खरेदीला पैसे नाहीत. म्हणून चौथा हिस्सा, 3,77,500, लगेच. बाकी 11,32,500 सहा तिमाही हप्त्यांत, प्रत्येकी 1,88,750, आणि शिल्लक रकमेवर 9 टक्के व्याज. दोन हप्ते चुकले तर सगळी बाकी एकदम देय. हप्त्यांचं काहीच ठरलं नसेल आणि हिशेब न चुकवता धंदा चालू राहिला, तर कायदा जाणाऱ्याला निवड देतो. त्याच्या मालमत्तेच्या वापरातून झालेल्या नफ्यातला वाटा किंवा 6 टक्के व्याज. तो वाटा किती, हे ठरवण्यातच वर्षं जातात.

एक गोष्ट करारनाम्याच्या हातात नाही. बँकेच्या सीसी लिमिटला दोघांची वैयक्तिक हमी आहे. दादा निवृत्त झाला तरी बँक सोडेपर्यंत ती हमी राहते, आमच्या आपसातल्या कागदाने बँक बांधली जात नाही. कलमात एवढंच लिहिता आलं की राहणाऱ्याने 90 दिवसांत हमी सोडवून द्यायची, आणि तोवर दादाला भरावं लागलं तर ते राहणाऱ्याकडून भरून मिळेल. पुरवठादारांचंही तसंच. सार्वजनिक सूचना होईपर्यंत, ज्यांनी त्याला भागीदार म्हणून ओळखून व्यवहार केला त्यांना तो बांधील राहतो. नोंदणीकृत फर्मसाठी ती सूचना तीन ठिकाणी जाते: फर्म्सच्या रजिस्ट्रारकडे, राजपत्रात, आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतल्या एका वर्तमानपत्रात. इंदूरला हिंदी पेपर चालतो. सूचना पंधरा दिवसांत द्यायची आणि खर्च फर्मचा, असं लिहिलं.

मृत्यूचं कलम शेवटी छोटंच झालं. वारसाला भागीदार होण्याचा हक्क नाही, वरच्याच रीतीने रक्कम मिळेल, फक्त हप्ते सहाऐवजी आठ. दादा म्हणाला, ‘‘घरी बायकोला हे वाचून दाखव.’’ मी त्याला म्हटलं, ‘‘तूही तुझ्या घरी दाखव.’’ दोघींनी वाचलं. माझ्या बायकोने एकच विचारलं, पहिला हिस्सा किती दिवसांत? ते राहूनच गेलं होतं. ‘तीस दिवसांत’ घातलं, तेही दोन्ही कलमांत.

मग ई-स्टँपवर करारनामा, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, नोटरी, आणि फर्मच्या नोंदणीचा अर्ज. जीएसटी क्रमांक म्हणजे फर्मची नोंदणी नव्हे, हे बाजारात बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रजिस्ट्रारकडे नोंद नसलेली फर्म उधारी बुडवणाऱ्यावर करारातल्या हक्कासाठी दावा लावू शकत नाही. आणि नोंद नसेल तर फर्म चालू असताना दादाला किंवा मला, एकमेकांविरुद्धही, या कराराच्या कलमांवर कोर्टात उभं राहता येत नाही. फर्म मोडायचा आणि मोडलेल्या फर्मच्या हिशेबाचा दावा तेवढा उरतो.