रेनेट चांगलं होतं, पाणी नडलं

पहिला पाऊस पडल्यानंतरची ती बॅच. चेडर चीजसाठी व्हॅटमध्ये हजार लिटर गाईचं दूध ३२ अंशांवर होतं. कल्चर टाकून झालं होतं, २०० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड गेलं होतं, मग दूध गोठवणारं एन्झाइम, म्हणजे रेनेट. आमच्याकडे ४० मिनिटांत दही कापायला येतं. सुरी तिरकी घालून उचलली की सरळ, चकचकीत चीर पडते आणि तिच्यात हिरवट निवळी साचते. त्या दिवशी ५० मिनिटांनीही चीर फाटल्यासारखी पडत होती आणि निवळी दुधासारखी पांढरी.

सगळ्यांनी आधी रेनेटच्या बाटलीला दोष दिला. माझा संशय पाश्चरायझरवर होता. दूध जास्त तापलं तर त्यातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन केसीनच्या गोळ्यांवरच्या कवचाला, म्हणजे कॅपा-केसीनला चिकटतं आणि दही कच्चं राहतं. पण चार्टवर ७२ अंश, १५ सेकंद, रेष सरळ होती.

रेनेट घालण्याआधी काढून ठेवलेलं दूध दोन बीकरमध्ये घेतलं. एकात त्याच बाटलीतलं रेनेट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घातलं, दुसऱ्यात नळाच्या पाण्यात अर्धा तास ठेवलेलं. पहिल्यात १२ मिनिटांनी काचेवर बारीक कण दिसले, दुसऱ्यात २१ मिनिटांनी. नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकले, तर ते गडद पिवळं झालं. पावसाळा लागल्यावर पाण्यात क्लोरीन वाढवतात. क्लोरीन एन्झाइमच्या प्रथिनावरच घाला घालतं. त्यात ऑपरेटरने रेनेट चार लिटर पाण्यात मिसळून आधीच तयार ठेवलं होतं. त्याचा दोष नाही. सूचनापत्रात फक्त ‘स्वच्छ पाणी’ लिहिलं होतं, आणि पिण्याच्या दृष्टीने ते पाणी स्वच्छच होतं.

परीक्षेत ‘रेनेट दूध गोठवतं’ एवढ्यावर गुण मिळतात, याचा मला राग येतो. रेनेटमधलं एन्झाइम कायमोसिन कॅपा-केसीनची साखळी १०५ आणि १०६ क्रमांकांच्या अमिनो आम्लांमध्ये तोडतं, तिथे त्याचं पहिलं काम संपतं. कवच गेलेले केसीनचे गोळे पुढे कॅल्शियममुळे एकमेकांना धरतात. एन्झाइम कमी पडलं की हे कवच निघायलाच उशीर होतो, आणि कॅल्शियम पुरेसं असूनही जाळं वेळेवर बसत नाही.

आता पाणी उकळून गार करतो, रेनेट घालण्याच्या क्षणीच मिसळतो. घाई असेल तर त्या पाण्यात आधी थोडं दूध टाकतो. क्लोरीन दुधातच खर्ची पडतं.

त्या बॅचला मात्र दुसरा डोस दिला नाही. अर्धवट बसलेलं दही ढवळलं असतं, तर जाळं तुटून फॅट निवळीत गेलं असतं. ७० मिनिटं थांबलो, तुकडे मोठे कापले, ढवळणं हळू ठेवलं. तोवर आम्लता पुढे गेली होती आणि चीज भुसभुशीत झालं. ५० व्या मिनिटालाच मोठे तुकडे कापले असते, तर फॅट जास्त गेलं असतं, पण पोत वाचला असता का, हे अजून मनात घोळतंय.