वेलांटी आधी की अक्षर आधी

लेक चौथीत होता तेव्हा त्याच्या वहीत ‘अक्षर सुधारा’ हा शेरा रोजचाच झाला होता. मीही वर्षभर त्याला रोज दहा ओळी शुद्धलेखन लिहायला लावलं. अक्षर सुधारलं नाही, मनगट मात्र दुखायला लागलं.

एकदा त्याने आजोळच्या विहिरीत पडलेल्या मांजराची गोष्ट सांगितली. मी ती फोनवर रेकॉर्ड केली. तीन मिनिटांत सगळं रंगवून सांगितलं होतं. तीच लिहायला दिली, तर अर्ध्या तासात चार ओळी झाल्या आणि त्याही लागत नव्हत्या. ‘विहिरीच्या कट्ट्यावर’ असं बोललेला मुलगा वहीत नुसतं ‘तिथे’ लिहून मोकळा झाला होता. जोडाक्षर टाळायला तो शब्दच बदलत होता, हे मला तेव्हा कळलं.

ते रेकॉर्डिंग आणि ती वही घेऊनच ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी पेन्सिलची पकड पाहिली, फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावलं, मग मनाने लिहायला. पुढे मानसशास्त्रज्ञांकडे बुद्धिमापन आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या झाल्या. वाचन वयाप्रमाणे होतं, अडत होतं ते लिहिणंच. निदान आलं: डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अध्ययन अक्षमता.

टायपिंग सुचवलं गेलं तेव्हा वाटलं, लॅपटॉप दिला की झालं. तसं होत नाही. सुरुवातीला तो हाताने मिनिटाला पाच शब्द लिहायचा आणि टाइप करायचा दोनच. म्हणून शाळेचं काम लगेच लॅपटॉपवर नेलं नाही. रोज १५ मिनिटं फक्त सराव, आणि दर शनिवारी एक मिनिट मोजून बघायचं. टायपिंग हाताच्या पुढे जायला तीन महिने लागले.

आम्ही इनस्क्रिप्ट कळफलक निवडला. त्यात स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. ‘कि’ लिहिताना हाताने वेलांटी आधी काढावी लागते आणि तिथेच तो गोंधळायचा. इथे आधी ‘क’ची कळ `k`, मग वेलांटीची `f`, म्हणजे जसं ऐकू येतं तसं. जोडाक्षराला मध्ये `d` दाबून पाय मोडायचा, की झालं.

गणित आणि आकृत्या अजून हातानेच चालतात. त्यासाठी चौकटीची वही घेतली, एका चौकटीत एक अंक, म्हणजे हातचे सरकत नाहीत. वर्गशिक्षिकांना अहवाल दाखवल्यावर त्यांनी मोठी उत्तरं टाइप करायला आणि छोटी तोंडी द्यायला परवानगी दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता येते. पुढे बोर्डाच्या परीक्षेत सवलत हवी असेल तर खासगी अहवालावर भागत नाही, प्रमाणपत्र लागतं. त्याची कागदपत्रं आत्तापासून फाईलला लावतेय.

गेल्या महिन्यात त्याने मांजराची गोष्ट पुन्हा टाइप केली. दीड पान झाली. दुसऱ्याच ओळीत ‘विहिरीच्या कट्ट्यावर’ होतं.