एकात एक अडकलेले ग्लास आणि दोन पाणी

मी केटरिंगच्या कामात आहे, भांडी आणि काचसामानाचं सगळं माझ्याकडे असतं. परवा संध्याकाळी कार्यक्रम होता आणि दुपारी क्रेट उघडले तर पाण्याच्या ग्लासांची अख्खी चळत एकात एक घट्ट बसलेली. आदल्या रात्री कोणीतरी गरम पाण्यातून काढून ओलेच रचून ठेवले होते. असं झालं की मधलं पाणी दोन काचांना चिकटवून धरतं, शिवाय बाहेरचा ग्लास गरम असताना आतला त्यात जरा जास्तच खाली जातो आणि मग बाहेरचा गार होऊन त्याला आवळून धरतो.

नवीन पोरगा होता मदतीला, त्याने एक जोडी टेबलाच्या कडेवर हलकेच आपटायला घेतली. मी म्हटलं, "थांब रे, ठेव ते खाली." तर म्हणतो, "दादा, मग गरम पाण्यात बुडवूया का सगळे?" हेच बहुतेक लोक करतात आणि ते चालत नाही, कारण अख्खी जोडी गरम पाण्यात बुडाली की आतला आणि बाहेरचा दोन्ही सारखेच फुगतात, पकड आहे तशीच राहते. आणि आतल्या ग्लासात गरम पाणी गेलं तर तो आधी फुगतो, म्हणजे अजूनच घट्ट. आपल्याला फरक पाहिजे. आतला आकसला पाहिजे, बाहेरचा फुगला पाहिजे.

आधी प्रत्येक जोडी उजेडात धरून बघितली. एका जोडीत बाहेरच्या ग्लासाला काठापासून खाली केसासारखी रेष गेलेली, नख फिरवलं की अडकत होतं. ती सरळ बाजूला, तिला पाणी लावायचंच नाही, हातात फुटली तर तळवा कापतो.

मग पसरट टब घेतला, त्यात हात सहज ठेवता येईल इतकं गरम पाणी, साधारण ४५ डिग्री. उकळतं कधीच नाही. साधी काच एकदम मोठा फरक सोसत नाही, बाहेर उकळतं आणि आत बर्फ म्हणजे शंभर डिग्रीचा फरक झाला, तडा जाणारच. म्हणून आत बर्फ पण नाही, नुसतं नळाचं गार पाणी, वरच्या ग्लासात काठोकाठ भरलं आणि जोडी टबात उभी धरली. टबातलं पाणी बाहेरच्या ग्लासाच्या काठाच्या जरा खालपर्यंतच ठेवायचं, वर आलं तर ते दोन ग्लासांच्या मधे शिरून आतल्यालाही गरम करतं.

अर्धा मिनिट थांबलो. जास्त थांबून उपयोग नाही, काच पातळ असते, उष्णता आत पोचली की फरक संपला. मग टबातच बाहेरचा एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने आतला वरून पकडून अगदी हळू पिळल्यासारखं फिरवलं. सुरुवातीला काहीच नाही, मग बोटाला एक बारीकसा सरकल्याचा भास झाला, 'टक' असा छोटा आवाज आला आणि मधून बुडबुडा वर आला. बुडबुडा दिसला की समजायचं पकड सुटली, मग सरळ वर ओढायचा, तिरका नाही.

पोरगा विचारतो, "एवढ्याने किती फुगत असेल हो?" फार नाही, ७ सेंटीमीटर तोंडाच्या ग्लासात ३० डिग्री फरकाला साधारण ०.०२ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीचाही जेमतेम पाचवा हिस्सा. पण ग्लास खाली निमुळता असतो ना, त्यामुळे तेवढी ढील मिळाली आणि आतला जरासा जरी वर सरकला की सगळीकडून मोकळा होतो.

एक जोडी मात्र हलेना. तिथे जोर लावायचा मोह होतो, मी लावू दिला नाही. बाहेर काढून दोन्हीकडचं पाणी ओतलं, साध्या तापमानाला येऊ दिली, मग काठाच्या फटीत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब सोडून ते खाली उतरेपर्यंत ठेवली आणि पुन्हा तेच केलं, तेव्हा सुटली. चमचा किंवा सुरी फटीत घालून उचकटायला गेलं की काठाचा टवका उडतो, मग तो ग्लास पिण्याच्या कामाचा राहत नाही.

तीन एकात एक असतील तर वरून सुरुवात करायची. सगळ्यात वरच्यात गार पाणी आणि गरम पाणी दुसऱ्याच्या काठाच्या खालपर्यंत, कारण दुसऱ्याचा जेवढा पट्टा बाहेर डोकावतो तेवढाच थेट गरम होतो. वरचा निघाला की मग राहिलेली साधी जोडीच. टेंपर्ड काचेचे असतील तर ते फरक जास्त सोसतात, पण जोर त्यांच्यावरही नको, फुटले तर एकदम बारीक तुकडे होतात. आता आमच्याकडे ग्लास पूर्ण गार आणि कोरडे झाल्याशिवाय एकात एक जात नाहीत, आणि मधे टिश्यूचा एक तुकडा घालतो.